तारांकित स्कूटर

दुचाकी कर्जाची टीव्हीवरची जाहिरात साधारण तीस सेकंदांची असते आणि तिचे दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर स्कूटर, वारा, उडणारी ओढणी आणि कारण न सांगता हसणारे कुटुंब राहते. तळमजल्यावर, पडद्याच्या अगदी कडेला, बारीक अक्षरांत कायदा राहतो. दोघे एकाच वेळी दिसतात, पण ते एकाच गोष्टीबद्दल बोलत असावेत अशी शंका प्रेक्षकाला येत नाही. दोन मजल्यांना जोडणारा जिना म्हणजे एक छोटासा तारा. तो ‘हप्ता ₹१,९९९ पासून’ या ओळीच्या खांद्यावर बसवलेला असतो आणि त्याचा जोडीदार तारा तळाशी असतो. तो शोधेपर्यंत जाहिरात संपून मालिका पुन्हा सुरू झालेली असते.

अशा जाहिरातीला दोन लेखक असतात आणि त्यांची सहसा भेट होत नाही. पहिला एजन्सीतला कॉपीरायटर. त्याला सांगितलेले असते की लोकांना गाडी नको असते, स्वातंत्र्य हवे असते; त्यामुळे त्याच्या संहितेत आकडा आला तरी तो शेवटच्या तीन सेकंदांत, पाहुण्यासारखा येतो. दुसरा लेखक कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कायदा विभागात बसतो. त्याच्या हाती संहिता चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी पडते. वरचे काही बदलण्याची वेळ टळलेली असते, म्हणून तो सारी काळजी खाली ओततो. कर्जमंजुरी, व्याजदर, शुल्के, वाद झाल्यास न्यायक्षेत्र, छायाचित्रातील गाडीचा रंग, गाडीवरचे जादा साहित्य किमतीत धरलेले नाही ही सूचना, असे सर्व काही त्यात येते. न वाचता येणारी तळटीप वाईट हेतूने जन्मतेच असे नाही. पुष्कळदा ती फक्त उशिरा जन्मलेली असते.

यावर उपाय म्हणून दोन्ही लेखकांना एका खोलीत कोंडता येते, पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे आकडा संहितेच्या सुरुवातीलाच आणणे आणि तो एकाच माणसाच्या तोंडून, एकाच उदाहरणातून सांगणे. ‘पासून’ लावलेल्या हप्त्यातली अडचण ही की तो कोणाचाच नसतो. कर्ज सर्वांत लहान, मुदत सर्वांत लांब आणि दर सर्वांत चांगल्या ग्राहकाचा, अशी तीन माणसे एकत्र करून तो आकडा तयार केलेला असतो आणि असा ग्राहक शोरूममध्ये कधी आलेला कोणी पाहिलेला नसतो. उदाहरण मात्र एका माणसाचे असते. त्याला कर्जाची रक्कम, मुदत आणि दर असतो, म्हणून हिशोब तपासता येतो.

पुढील विवेचनासाठी सांगलीत डबे पुरवणाऱ्या एका काल्पनिक काकू घेतल्या आहेत. त्यांची स्कूटर विमा, नोंदणी आणि रस्ताकर धरून रस्त्यावर उतरेपर्यंत एक लाखाला पडते. वीस हजार त्या रोख भरतात आणि ऐंशी हजारांचे कर्ज काढतात. मुदत २४ महिने, व्याज वार्षिक १८ टक्के. दर उदाहरणापुरता धरला आहे. प्रत्यक्षात तो ग्राहकाच्या पतगुणांकावर आणि कर्ज देणाऱ्या संस्थेवर अवलंबून खालीवर होतो. १८ टक्के घेण्याचे कारण इतकेच की त्याचा महिन्याचा दर दीड टक्का होतो आणि दीड टक्का काकूंना तोंडी काढता येतो.

पहिल्या महिन्यात ऐंशी हजार बाकी आहेत, म्हणून व्याज १,२०० रुपये. काकू ३,९९४ रुपयांचा हप्ता भरतात. त्यातले १,२०० व्याजात गेले आणि उरलेले २,७९४ मुद्दलातून वजा झाले. दुसऱ्या महिन्यात बाकी ७७,२०६, म्हणून व्याज १,१५८ आणि मुद्दलात २,८३६. हप्ता तोच राहतो, पण त्याच्या आत व्याजाची फोड दर महिन्याला लहान होत जाते आणि मुद्दलाची मोठी. चोविसाव्या महिन्यात बाकी ३,९३५ उरते, तिच्यावर व्याज फक्त ५९ रुपये, आणि हिशोब मिटतो. रुपयाच्या खालची नाणी सोडल्यामुळे शेवटचा हप्ता दोन रुपयांनी इकडेतिकडे होतो. तेवढ्यासाठी पडद्यावर ओळ खर्च करू नये.

या सारणीत एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर माणसे रागावतात. बारा हप्ते भरून झाले, म्हणजे निम्मी वाट सरली, तरी काकूंच्या नावावर सुमारे ४३,५६४ रुपये बाकी असतात. निम्म्या वाटेत निम्मे कर्ज फिटत नाही, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. यात लबाडी काही नाही. पण हे आधी सांगितले नसेल, तर तेराव्या महिन्यात कर्ज एकदम मिटवायला गेलेला ग्राहक काउंटरवर जी मराठी बोलतो, ती कोणत्याही जाहिरातीत वापरता येत नाही.

आता याच कर्जाची दुसरी जाहिरात पाहू. तीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘व्याज फक्त ९.९%*’. काकूंना शेजारच्या शोरूममध्ये हीच ऑफर मिळाली आणि त्या हरखल्या, कारण १८ च्या जागी ९.९ म्हणजे जवळजवळ निम्मे. त्यांनी हप्ता विचारला. उत्तर आले, ३,९९३ रुपये. काकूंनी एक रुपया वाचवला.

हा चमत्कार ताऱ्याखाली लिहिलेल्या ‘फ्लॅट’ या शब्दाने घडतो. फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुदतभर मूळ ऐंशी हजारांवरच मोजतात, मग मधल्या काळात काकूंनी कितीही फेडलेले असो. ऐंशी हजारांवर ९.९ टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज १५,८४० रुपये. ते मुद्दलात मिळवून २४ ने भागले की ३,९९३ आणि वर थोडे पैसे. वास्तविक घटत्या हिशोबात काकूंकडे दोन वर्षांत सरासरीने ४४,००० रुपयेच कर्ज होते, कारण त्या दर महिन्याला थोडे थोडे परत देत होत्या. फ्लॅट दर ही परतफेड लक्षात घेत नाही. चोविसाव्या महिन्यात ३,९३५ रुपये बाकी असतानाही तो ६६० रुपये व्याज लावतो, तर घटत्या शिलकीचा दर ५९ रुपये. म्हणून ९.९ फ्लॅट आणि १८ घटता हे दोन वेगळे दर नसून एकाच कर्जाचे दोन फोटो आहेत. त्यातला एक लग्न जमवण्यासाठी काढलेला. दोन-तीन वर्षांच्या मुदतीत फ्लॅट दराला साधारण १.८ ने गुणले की घटता दर जवळपास हाती येतो. एवढा गुणाकार शोरूमच्या बाहेर, हेल्मेट हातात धरूनही करता येतो.

तिसरा फोटोही आहे. कर्ज देताना संस्था प्रक्रिया शुल्क घेते. काकूंच्या उदाहरणात ते दोन टक्के, म्हणजे १,६०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २८८. हे १,८८८ रुपये कर्जातूनच कापले, तर काकूंच्या कामी प्रत्यक्षात ७८,११२ रुपये आले, पण हप्ते मात्र ऐंशी हजारांचे. या कमी मिळालेल्या रकमेवर दर पुन्हा काढला की तो वर्षाला २०.५ टक्क्यांच्या जवळ जातो. सगळा खर्च धरून काढलेल्या या दराला एपीआर म्हणतात. एकच स्कूटर, एकच हप्ता, आणि दर ९.९, १८ किंवा २०.५. जाहिरातीत कोणता छापायचा या बैठकीला सर्वांत कमी वेळ लागतो.

हा गोंधळ कमी करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी एक परिपत्रक काढले. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला करारावर सही करण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचे पत्रक द्यावे लागते. त्यात कर्ज, मुदत, हप्ता, सर्व शुल्के आणि एपीआर एका ठिकाणी असतात, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, आणि त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. पत्रक हे जाहिरातीचा भाग नाही. पण जाहिरातीतले उदाहरण आणि पत्रकातले आकडे एकाच पद्धतीने काढलेले असले, तर काकूंना शोरूममध्ये धक्का बसत नाही. जाहिरातीत ९.९ आणि पत्रकात २०.५ असले, तर काकू पत्रक हातात घेऊन चष्मा पुसतात, आणि मग समोरच्या तरुणाकडे पाहतात. तो तरुण महिन्याच्या उद्दिष्टापासून चार गाड्या लांब असतो आणि त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते.

लहान हप्त्याच्या मोहाचा हिशोबही याच ठिकाणी करून टाकणे योग्य. वर आलेला ₹१,९९९ चा हप्ता याच १८ टक्के दराने ४८ महिन्यांवर पसरला, तर त्यातून सुमारे ₹६८,००० एवढेच कर्ज मिळते. तो भरणारा चार वर्षांत एकूण ₹९५,९५२ देतो. काकू दोन वर्षांत ₹९५,८५६ देतात आणि त्यांना ₹८०,००० मिळतात. म्हणजे दोघांनी मोजले सारखेच. फक्त काकूंच्या पदरात बारा हजारांची गाडी जास्त पडली, आणि दुसऱ्याच्या पदरात ‘पासून’. लांब मुदत ही वाईट गोष्ट नव्हे. महिन्याला चार हजार ज्याच्या आवाक्यात नाहीत, त्याला दोन हजारांचा हप्ताच परवडतो. पण हप्ता लिहिताना त्याच्या शेजारी महिने लिहिले नाहीत, तर तो आकडा लहान आहे की लांब आहे, हे कोणाला कळणार नाही. ‘दिवसाला फक्त १३१ रुपये’ हा प्रकार याच कुळातला. काकूंच्या हप्त्याची दिवसावारी तेवढी पडते खरी, पण वसुली दिवसावारी नसते. बँक खात्यातून ठरल्या तारखेला ३,९९४ एकदम जातात, आणि त्या दिवशी खात्यात एक रुपया कमी असला तर हप्ता परत जातो आणि त्याचे वेगळे शुल्क लागते.

उदाहरण ठरले की तळटीप सोपी होते, कारण तिच्यातली निम्मी माहिती वर बोलून झालेली असते. उरलेल्या निम्म्या माहितीसाठी नियम आहेत, आणि ते वाचताना असे वाटते की ते लिहिणाऱ्यानेही कधीतरी तारा शोधला असावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत म्हटले आहे की तळटीप मूळ दाव्याच्याच भाषेत असावी आणि ती इतकी ठळक असावी की सामान्य दृष्टीच्या माणसाला एकदाच वाचून, वाजवी अंतरावरून आणि वाजवी वेगाने ती कळावी. दावा निवेदकाच्या आवाजात असेल, तर तळटीप त्या आवाजाशी जुळवून यावी. शिवाय तळटीप दाव्याच्या विरुद्ध बोलू शकत नाही. वर ‘शून्य डाऊन पेमेंट’ आणि खाली ‘किमान दहा टक्के रक्कम आगाऊ’, असे चालत नाही. तळटीप दावा स्पष्ट करू शकते. तो मागे घ्यायचा असेल, तर वरच्या मजल्यावर जाऊनच मागे घ्यावा लागतो.

१९८५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेचे नियम आणखी मोजमापाचे आहेत. एका दृश्यचौकटीत तळटीप एकच असावी, ती दोन ओळींच्या पुढे जाऊ नये, आणि प्रत्येक ओळीसाठी चार सेकंदांहून जास्त वेळ ती पडद्यावर थांबावी. हाय डेफिनिशन चित्रात अक्षरांची उंची किमान १८ पिक्सेल असावी. १,०८० पिक्सेल उंचीच्या चित्रात १८ म्हणजे साठावा हिस्सा; घरातल्या बत्तीस इंची टीव्हीवर ते अक्षर साडेसहा मिलिमीटरांच्या आसपास भरते. पण तोच नियम आडव्या धरलेल्या मोबाइलला लावला, तर अक्षर जेमतेम एक मिलिमीटर उरते. शिवाय हे माप लहान रोमन अक्षरे समोर ठेवून केलेले आहे. देवनागरीत वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार. अठरा पिक्सेलमध्ये ‘पूर्वी’ आणि ‘पुरवी’ यांतला फरक सांगायला भिंग लागते. मराठी जाहिरातीत नियमाच्या दीडपट ते दुप्पट अक्षर घेतले, तर नियम मोडत नाही, फक्त कलादिग्दर्शक दुखावतो.

हे नियम कागदावर मांडून पाहिले की संहितेची चौकट आपोआप ठरते. तीस सेकंदांत, दोन ओळींच्या एका चौकटीला नऊ सेकंद धरले, तर तीन चौकटी मावतात आणि तीन सेकंद उरतात. म्हणजे तळटीप सहा ओळींची. सातवी ओळ नाही. कायदा विभागाला हे पहिल्याच बैठकीत सांगावे लागते, कारण त्यांच्याकडे अठरा ओळी तयार असतात. त्या कोणत्या गतीने वाचता येतील असे विचारले, तर शांतता पसरते. मग प्रत्येक ओळ कोणाच्या उपयोगाची आहे, हे विचारायचे. ज्या ओळीमुळे काकूंचा निर्णय बदलू शकतो, ती राहते. न्यायक्षेत्राची ओळ करारात जाते. कर्ज फिटेपर्यंत आरसीवर कर्जदात्याचा बोजा राहतो, आणि फिटल्यावर ना हरकत दाखला घेऊन फॉर्म ३५ आरटीओत दिला की तो उतरतो, ही माहिती मोलाची असली तरी गाडी हाती देताना सांगण्याची. छायाचित्रातल्या रंगाची ओळ मात्र टिकवण्यासाठी कोणीतरी फार भांडतो. त्यावर तोडगा असा की जो रंग विकायला आहे, त्याच रंगाची गाडी चित्रीकरणाला आणावी.

भाषेचेही असेच. ‘कर्जमंजुरी ही संस्थेच्या संपूर्ण व एकमेव विवेकाधिकाराच्या अधीन राहील’ ही ओळ चार सेकंदांत वाचायची, तर तिसऱ्या शब्दाला अडखळायला होते. ‘कर्ज द्यायचे की नाही, हे संस्था ठरवेल’ हा तोच अर्थ आहे आणि त्यात संस्थेचा एकही अधिकार कमी झालेला नाही. ‘दर पात्रतेनुसार परिवर्तनीय’ याऐवजी ‘तुमचा दर याहून कमी-जास्त असू शकतो’. वकिलांना अशा वाक्यांची भीती वाटते. ती न्यायालयात टिकणार नाहीत ही भीती नसते; ती कोणाला समजतील ही असते.

इतके झाल्यावर पुढील संहिता उभी राहते.

स्थळ : शोरूम. काकू स्कूटरच्या डिकीत डब्याची पिशवी बसवून पाहत आहेत. पिशवी बसते. (पहिले तीन सेकंद. तळ मोकळा.)

काकू : हप्ता किती रे?

तरुण : काकू, कर्ज ऐंशी हजार, महिने चोवीस. हप्ता तीन हजार नऊशे चौऱ्याण्णव.

(तळाशी, नऊ सेकंद : ‘उदाहरण : कर्ज ₹८०,०००, मुदत २४ महिने, हप्ता ₹३,९९४. / व्याज वर्षाला १८%, उरलेल्या मुद्दलावर.’)

काकू : म्हणजे सगळे मिळून?

तरुण : पंच्याण्णव हजार आठशे छप्पन्न.

काकू : ऐंशी घेऊन पंच्याण्णव? वरचे पंधरा कसले?

तरुण : पंधरा हजार आठशे छप्पन्न. व्याज. शिवाय प्रक्रिया शुल्क, करासकट अठराशे अठ्ठ्याऐंशी.

(तळाशी, नऊ सेकंद : ‘प्रक्रिया शुल्क ₹१,६०० + जीएसटी ₹२८८. / सर्व खर्च धरून वर्षाचा दर (एपीआर) सुमारे २०.५%.’)

काकू : आणि हप्ता चुकला तर?

तरुण : दंड. किती, ते सहीच्या आधी कागदावर देतो.

काकू : मराठीत?

तरुण : मराठीत.

(तळाशी, नऊ सेकंद : ‘कर्ज द्यायचे की नाही, हे संस्था ठरवेल. तुमचा दर याहून कमी-जास्त असू शकतो. / सहीपूर्वी माहितीपत्रक वाचा.’)

निवेदक : अमुक फायनान्स. आधी हिशोब, मग किल्ली.

या संहितेत बोललेले शब्द साठाच्या आत आहेत. ते मुद्दाम कमी ठेवले आहेत, कारण ‘पंच्याण्णव हजार आठशे छप्पन्न’ हे चार शब्द मराठीत उच्चारायला चार साध्या शब्दांच्या दुप्पट वेळ लागतो, आणि घाईत म्हटले तर त्र्याण्णव ऐकू येते. तारा कुठेच नाही, कारण वर जे बोलले जाते तेच त्या क्षणी खाली लिहिलेले दिसते. दंडाची रक्कम मात्र सांगितलेली नाही. ती किती दिवस उशीर झाला यावर ठरते आणि तिच्यासाठी दुसरे उदाहरण घ्यावे लागेल. तीस सेकंदांत दोन उदाहरणे घेतली की प्रेक्षक पहिल्याचा हप्ता आणि दुसऱ्याचा दंड घेऊन घरी जातो. दंडाविषयी संस्थेला सांभाळायची गोष्ट दुसरीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत चुकलेल्या हप्त्यावर दंड शुल्क म्हणून घेता येतो, वाढीव व्याज म्हणून नाही, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. त्यामुळे तरुणाच्या तोंडी ‘दंडव्याज’ हा जुना शब्द सवयीने आला, तर चित्रीकरण पुन्हा करावे लागते.

या संहितेवर येणारे आक्षेप ठराविक आहेत. विपणन विभाग म्हणतो, एकूण रक्कम कशाला सांगायची, ती ऐकून गिऱ्हाईक पळेल. २०.५ टक्क्यांचे तर नावच काढू नये, असा त्यांचा सल्ला असतो. पण हे दोन्ही आकडे पत्रकावर छापलेले असतात आणि पत्रक सहीच्या आधी काकूंच्या हातात पडणार असते. पळायचेच असेल तर गिऱ्हाईक तेव्हाही पळेल, आणि तोवर त्याच्यासाठी दोन कप कॉफी आणि तरुणाचा एक तास खर्च झालेला असेल. दुसरा आक्षेप असा की ३,९९४ हा आकडा ओबडधोबड आहे, ३,९९९ किंवा ३,९०० दिसायला बरा. पैकी ३,९०० म्हणणे खोटे आहे. ३,९९९ खोटे असले तरी ग्राहकाच्या बाजूने खोटे आहे, म्हणून ते कोणी सुचवत नाही.

संहिता चांगली असूनही जाहिरात कुठे बिघडते, हे स्टुडिओत दिसत नाही, घरात दिसते. मराठी वृत्तवाहिन्यांवर पडद्याचा तळ ताज्या बातम्यांच्या पट्टीने आधीच भाड्याने घेतलेला असतो, आणि जाहिरातीच्या वेळीही कधी कधी ती पट्टी खाली करत नाहीत. अशा वेळी काकूंच्या एपीआरवरून धरणाची पाणीपातळी सरकत जाते. म्हणून तळटीप पडद्याच्या कडेपासून बरीच वर, शक्य तर खालच्या तिसऱ्या भागाच्या माथ्यावर घेतात आणि मागे गडद पट्टा देतात. पांढऱ्या स्कूटरवर पांढरी अक्षरे लिहिली, तर दोन्हींपैकी स्कूटरच दिसते. मोबाइलवर जाहिरात वगळण्याचे बटण उजव्या कोपऱ्यात खाली उगवते, म्हणून तिथे आकडा ठेवत नाहीत. उभ्या पडद्यासाठी आडवे चित्र दोन्ही बाजूंनी कापले की ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द जातो. ‘वर्षाला १८%’ मधले ‘१८%’ गेले तर कोणाची तक्रार येत नाही, कारण उरलेल्या शब्दात तक्रार करण्यासारखे काही नसते. त्यामुळे उभ्या चित्रासाठी तळटीप नव्याने लिहून, ओळी तोडून घ्याव्या लागतात. हिंदी जाहिरातीला मराठी आवाज चढवला आणि तळटीप इंग्रजीतच राहिली, हा प्रकार वर सांगितलेल्या भाषेच्या नियमात बसत नाही. तरी तो घडतो, कारण आवाज बदलणारा माणूस वेगळा असतो आणि अक्षरे बदलणाऱ्याचे बिल वेगळे.

तपासणीची पद्धत साधी आहे. तयार जाहिरात एका स्वस्त मोबाइलवर, उन्हात, एकदाच दाखवावी, आणि पाहणारा माणूस जाहिरात बनवण्यात नसलेला असावा. मग त्याला तीन प्रश्न विचारावेत : कर्ज किती, महिने किती, एकूण फेडायचे किती. दर विचारू नये. दर लक्षात राहत नाही, एकूण रक्कम राहते. तिन्ही उत्तरे आली तर तळटीप वाचता येते. ‘स्कूटर छान होती’ असे उत्तर आले तर संहिता परत पाठवावी.

रेडिओसाठी पडदाच नसल्याने सगळे बोलून सांगावे लागते, आणि तिथे जुनी सवय आड येते. म्युच्युअल फंडांच्या सूचनेपासून श्रोत्यांना माहीत आहे की कायद्याचे वाक्य आले की निवेदक धावू लागतो. तळटीप मूळ दाव्याच्याच वेगाने म्हणायची, तर वीस सेकंदांच्या रेडिओ जाहिरातीत कर्ज, महिने, हप्ता, एकूण रक्कम, सर्व खर्च धरून दर आणि ‘कर्ज द्यायचे की नाही, हे संस्था ठरवेल’ एवढेच मावते. काकूंची डब्याची पिशवी डिकीत बसली की नाही, हे रेडिओवर कळत नाही, म्हणून ती रेडिओच्या संहितेतून काढून टाकतात.